प्रशिक्षणाच्या पीपीटीवरून प्रमाणित कार्यपद्धती तयार करणे: एसजी आयर्नच्या ओतकामावरील वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे आणि होनगा भागांतील फाउंड्रींमध्ये नव्या कामगाराला शिकवण्यासाठी तयार केलेली पीपीटी बहुतेक ठिकाणी असते. ऑडिटर मात्र ‘या कामाची एसओपी दाखवा’ असे म्हणतो, आणि मग त्याच स्लाइड्स वर्ड फाइलमध्ये उतरवून, वर दस्तऐवज क्रमांक टाकून पुढे केल्या जातात. पुढील उत्तरांत एकच प्रक्रिया आधाराला घेतली आहे: एसजी आयर्नची, म्हणजे गोलाकार ग्राफाइट असलेल्या ओतीव लोखंडाची, मॅग्नेशियम ट्रीटमेंट आणि त्यानंतरचे ओतकाम. या कामात वेळेला कडक मर्यादा असते, चार-पाच माणसे एकाच वेळी हात लावतात, आणि जबाबदारी नीट लिहिलेली नसेल तर त्याचा परिणाम त्याच दिवशी कास्टिंगमध्ये उतरतो.

पीपीटी चांगली असेल तर तीच छापून भट्टीजवळ लावली तर काय बिघडते?

पीपीटी माणसाला विषय समजावण्यासाठी असते, आणि ती समजावताना शेजारी बोलणारा प्रशिक्षक असतो. स्लाइडवर ‘ट्रीटमेंटनंतर १० मिनिटांत ओतकाम पूर्ण करावे’ एवढेच असते. ही १० मिनिटे कधीपासून धरायची, घड्याळ कोण बघणार, वेळ संपली आणि लॅडलमध्ये रस उरला तर काय करायचे, हे प्रशिक्षक तोंडी सांगतो किंवा सांगायचे राहून जाते. रात्रपाळीत तो प्रशिक्षक नसतो. कार्यपद्धतीला त्याच्याविना उभे राहावे लागते, म्हणून त्याने तोंडी सांगितलेले सारे तिच्यात लेखी यावे लागते.

स्लाइड्समधून नेमके काय उचलायचे?

प्रत्येक स्लाइडवरचे प्रत्येक वाक्य वाचून ते तीनपैकी कोणत्या प्रकारात बसते ते समासात लिहावे: कोणीतरी करायची कृती, पाळायची मर्यादा किंवा नुसते स्पष्टीकरण. एसजी आयर्नच्या पीपीटीत ग्राफाइटच्या गोलाकार गाठी का तयार होतात, मॅग्नेशियम काय करते, फेडिंग म्हणजे काय, ग्रे आयर्नपेक्षा ताकद किती जास्त, अशा स्लाइड्सची संख्या मोठी असते. त्या सगळ्या तिसऱ्या प्रकारात जातात आणि प्रशिक्षणातच राहतात. कृती आणि मर्यादा यांची वाक्ये मोजकी निघतात, आणि तीही अनेकदा अर्धवट असतात.

एक सूचना येथे करावीशी वाटते. स्लाइड्सचा क्रम तसाच कार्यपद्धतीत घेऊ नये. पीपीटी विषयाच्या क्रमाने जाते, म्हणजे आधी रसायनशास्त्र, मग उपकरणे, मग सुरक्षा, मग दोष. काम मात्र घड्याळाच्या क्रमाने चालते. सुरक्षेची शेवटून दुसरी स्लाइड, जिच्यावर ‘लॅडल कोरडी असावी’ असे लिहिलेले असते, ती प्रत्यक्षात टॅपिंगच्या आधीची पायरी असते. ती शेवटी ‘सुरक्षा सूचना’ म्हणून टाकली तर भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या ती उपयोगी पडत नाही. ओलसर लॅडलमध्ये वितळलेले लोखंड पडले की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून बाहेर येतो. म्हणून ही तपासणी तिच्या जागी, कोणी आणि कसे तपासायचे त्यासह यावी.

स्लाइडवरच्या एका वाक्याची पायरी कशी करायची, हे उदाहरणाने सांगाल का?

वरचेच वाक्य घेऊ: ‘ट्रीटमेंटनंतर १० मिनिटांत ओतकाम पूर्ण करावे.’ त्याला पाच प्रश्न विचारावेत. कोण? कधीपासून? कशाने मोजायचे? किती? आणि तसे झाले नाही तर?

पहिली अडचण ‘ट्रीटमेंटनंतर’ या शब्दातच आहे. सँडविच पद्धतीत लॅडलच्या तळाच्या खाचेत फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियम ठेवून, त्यावर स्टीलच्या पंचिंगचा थर देऊन, वरून लोखंड ओततात. मॅग्नेशियम सुमारे १,०९० अंश सेल्सिअसला उकळते आणि लोखंड १,४५० च्या वर असते, त्यामुळे पांढरा झगझगीत प्रकाश आणि धूर निघतो. हा झोत साधारण मिनिटभर चालतो. कोणी टॅपिंग सुरू झाल्यापासून वेळ धरतो, कोणी झोत विझल्यापासून, तर कोणी स्लॅग काढून झाल्यावर. तीन माणसांच्या घड्याळांत सहज दोन-तीन मिनिटांचा फरक पडतो, आणि १० मिनिटांच्या मर्यादेत तो फार मोठा आहे. कार्यपद्धतीत एकच क्षण ठरवावा. झोत विझण्याचा क्षण सर्वांना दिसतो, म्हणून तो सोयीचा.

आता ते वाक्य असे होते: ‘झोत विझताच ट्रीटमेंट ऑपरेटरने लॅडलजवळच्या टायमरचे बटण दाबावे. १० मिनिटांची घंटा वाजताच पोअररने हातातील मोल्ड भरून संपवावा आणि पुढचा मोल्ड सुरू करू नये. उरलेला धातू पिग मोल्डमध्ये ओतावा.’ स्लाइडवर एक ओळ होती, येथे तीन वाक्ये झाली. पण आता त्यात दोन पदे, एक उपकरण, एक सुरुवात, एक शेवट आणि चुकल्यास करायची कृती आली.

स्लाइडवरची १० मिनिटांची मर्यादा आमच्या शॉपवर पाळता येईल का, हे आधी कसे कळणार?

हिशेब करून आणि प्रत्यक्ष मोजून. बहुतेक जण हा भाग वगळतात. समजा लॅडलमध्ये ५०० किलो धातू आहे आणि एका मोल्डला ४२ किलो लागतो. ११ मोल्डना ४६२ किलो लागतील आणि ३८ किलो उरेल. स्लॅग काढणे आणि पोअरिंग लॅडलमध्ये धातू घेणे यांत २ मिनिटे जातात असे शॉपवर मोजले, आणि एका मोल्डवरून दुसऱ्यावर जाऊन तो भरायला ४० सेकंद लागतात. ११ मोल्डना ७ मिनिटे २० सेकंद, अधिक आधीची २ मिनिटे, म्हणजे ९ मिनिटे २० सेकंद. मर्यादेत बसते, पण हातात फक्त ४० सेकंद उरतात.

आता तेच काम ३० किलोच्या कास्टिंगचे असेल तर ५०० किलोत १६ मोल्ड येतील, आणि प्रत्येकी ४० सेकंद धरले तर नुसत्या ओतण्याला १० मिनिटे ४० सेकंद लागतील. ती लॅडल मर्यादेत ओतून संपणारच नाही. अशा वेळी ‘लवकर ओता’ असे लिहून उपयोग नाही. त्या पार्टसाठी टॅपिंगचे वजन कमी ठरवावे लागते. १० मिनिटांतून २ मिनिटे वजा केली तर ८ मिनिटांत ४० सेकंदांचे १२ मोल्ड होतात, म्हणजे ३६० किलो. थोडी राखीव वेळ ठेवायची तर ११ मोल्ड, ३३० किलो. तेव्हा कार्यपद्धतीला पार्टनुसार टॅपिंगचे वजन दाखवणारा छोटा तक्ता जोडावा लागेल. हा तक्ता कोणत्याच स्लाइडवर नसतो.

स्लाइडवर एक आकडा आणि शॉपवर वेगळीच रीत दिसते. कार्यपद्धतीत काय लिहावे?

दोन्ही लगेच लिहू नयेत. आधी दिवसपाळी आणि रात्रपाळी, दोन्हींत उभे राहून काम पाहावे आणि जसे चालते तसे टिपून घ्यावे. मग फरक असलेली प्रत्येक जागा मेटलर्जिस्ट किंवा ज्याला प्रक्रियेचे आकडे ठरवण्याचा अधिकार आहे त्याच्यासमोर ठेवावी. उदाहरणार्थ, स्लाइडवर मॅग्नेशियम मिश्रधातूचे प्रमाण धातूच्या १.५ टक्के, म्हणजे ५०० किलोला ७.५ किलो असते. शॉपवर मात्र एक ठरलेला डबा भरून टाकतात. डब्याचे वजन करून पाहिले तर कधी ७ किलो, कधी ८.५ किलो निघते, कारण मिश्रधातूच्या तुकड्यांचा आकार बदलतो. येथे स्लाइडचा आकडा बरोबर आहे आणि शॉपवरची रीत बदलायला हवी, म्हणून ‘वजनकाट्यावर ७.५ किलो मोजून’ असे लिहावे आणि वजनकाटा त्या जागी ठेवावा.

याउलटही होते. स्लाइडवर टॅपिंगचे तापमान १,४५० लिहिलेले असते, पण शॉपवर अनुभवी ऑपरेटर १,४९० ला टॅप करतो, कारण लॅडल लांबवर न्यावी लागते आणि शेवटचा मोल्ड थंड पडतो. अशा वेळी स्लाइड दुरुस्त व्हायला हवी. तापमान वाढले की मॅग्नेशियम जास्त उडून जाते, त्यामुळे हा निर्णयही ऑपरेटरवर सोडायचा नसतो; तो मेटलर्जिस्टने घ्यावा आणि त्याची सही असावी.

तयार झालेली कार्यपद्धती कशी दिसते?

वरच्याच प्रक्रियेचा मधला भाग पुढे दिला आहे. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक कारखान्याने आपले आकडे आपल्या चाचण्यांवरून ठरवावेत.

१. ट्रीटमेंट ऑपरेटर: लॅडलचा आतला भाग लाल तापलेला आहे हे पाहावे. ओल किंवा काळा डाग दिसल्यास लॅडल वापरू नये आणि शिफ्ट सुपरवायझरला सांगावे.

२. ट्रीटमेंट ऑपरेटर: ७.५ किलो मिश्रधातू वजन करून लॅडलच्या खाचेत ठेवावा आणि त्यावर ८ किलो कोरडे, गंज नसलेले स्टील पंचिंग पसरावे.

३. फर्नेस ऑपरेटर: तापमान मोजावे. १,४८० ते १,५०० मध्ये असेल तरच टॅप करावे. धार खाचेच्या विरुद्ध बाजूला पडेल अशी भट्टी कलवावी आणि लोडसेलवर ५०० किलो दिसताच थांबावे.

४. ट्रीटमेंट ऑपरेटर: झोत विझताच टायमर सुरू करावा. झोत ३० सेकंदांपेक्षा कमी चालला तर सुपरवायझरला हाक द्यावी. त्याने सांगितल्याशिवाय धातू पुढे जाणार नाही.

५. हेल्पर: स्लॅग पूर्ण काढावा.

६. ट्रीटमेंट ऑपरेटर: पोअरिंग लॅडलमध्ये धातू घेताना २ किलो इनॉक्युलंट धारेत सलग सोडावा.

७. पोअरर: मोल्ड क्रमाने ओतावेत. घंटा वाजल्यावर नवा मोल्ड सुरू करू नये. शेवटच्या मोल्डवर खडूने ‘शे’ लिहावे.

८. लॅब केमिस्ट: शेवटचा मोल्ड ओतून होताच लॅडलमधील उरलेल्या धातूचा नमुना तांब्याच्या साच्यात घ्यावा.

यात ‘काळजीपूर्वक’, ‘योग्य’, ‘आवश्यकतेनुसार’ हे शब्द नाहीत. मसुद्यात असे शब्द शोधून काढावेत. जेथे ते सापडतात तेथे एखादा आकडा किंवा एखादा निर्णय लिहायचा राहिलेला असतो.

जबाबदारी व्यक्तीच्या नावाने लिहावी की पदाच्या?

पदाच्या. माणूस पाळी बदलतो, सुट्टीवर जातो, काम सोडतो. मात्र पद लिहिले की त्या दिवशी त्या पदावर कोण आहे, हे शिफ्ट सुरू होताना फळ्यावर लिहिले गेले पाहिजे. छोट्या फाउंड्रीत एकच माणूस दोन पदे सांभाळतो. त्यात गैर काही नाही, पण ती दोन कामे एकाच क्षणी येत नाहीत ना, हे पायऱ्यांवरून तपासावे. वरच्या उदाहरणात हेल्परलाच पोअरर केले तर चालेल. फर्नेस ऑपरेटरला ट्रीटमेंट ऑपरेटर करता येणार नाही, कारण टॅपिंग संपतानाच टायमर सुरू करावा लागतो.

एका पायरीला दोन जबाबदार असले तर अधिक सुरक्षित नाही का?

नाही. ‘ऑपरेटर व सुपरवायझर यांनी खात्री करावी’ असे लिहिले की ऑपरेटरला वाटते सुपरवायझर पाहील आणि सुपरवायझर धरून चालतो की ऑपरेटरने पाहिले आहे. करणारा एकच असावा. दुसऱ्याने तपासायचे असेल तर ती वेगळी पायरी करावी: काय तपासायचे, कधी, आणि कोठे सही करायची. जबाबदाऱ्यांचा वेगळा तक्ता ग्राहक मागत असेल तर जोडावा. पायऱ्यांतच पद लिहिलेले असेल तर शॉपवर त्या तक्त्याकडे फारसे कोणी बघत नाही.

ओतकाम थांबवण्याचा अधिकार कोणाला द्यावा?

कार्यपद्धती लिहिताना सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर होतात. घंटा वाजते तेव्हा लॅडलमध्ये कदाचित दोन मोल्डचा धातू शिल्लक असतो, मोल्ड तयार असतात, आणि पाळीचे लक्ष्य पुरे व्हायचे असते. ‘सुपरवायझरच्या परवानगीने थांबवावे’ असे लिहिले तर सुपरवायझर येईपर्यंत ते दोन मोल्ड ओतून झालेले असतात. म्हणून थांबवण्याचा अधिकार लॅडल ज्याच्या हातात आहे त्या पोअररला द्यावा आणि परवानगीची अट उलट बाजूला ठेवावी: घंटेनंतर ओतायचेच असेल तर मेटलर्जिस्टची लेखी परवानगी हवी. वाहन उद्योगाला माल देणाऱ्या कारखान्यांना लागू असलेल्या आयएटीएफ १६९४९ मध्ये, उत्पादनाच्या गुणवत्तेची जबाबदारी असलेल्यांना उत्पादन थांबवण्याचा अधिकार असावा, असे ५.३.२ या कलमात म्हटलेलेच आहे. ते वाक्य बहुतेक क्वालिटी मॅन्युअलमध्ये असते, पण पोअररपर्यंत पोहोचलेले नसते.

मर्यादा ओलांडली गेलीच, तर पुढे काय करायचे हे किती तपशिलाने लिहावे?

मूळ पायऱ्यांइतक्याच तपशिलाने. मॅग्नेशियम हळूहळू उडत असते आणि इनॉक्युलंटचा परिणामही ओसरत असतो, त्यामुळे बिघाड झाला तर तो आधी शेवटच्या मोल्डमध्ये दिसतो. म्हणूनच ‘शे’ लिहिलेल्या कास्टिंगचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. त्यात गाठींचे प्रमाण ग्राहकाच्या किमान अटीपेक्षा, समजा ८५ टक्क्यांपेक्षा, कमी आले तर केवळ तेच कास्टिंग बाजूला काढून भागत नाही. त्याच्या आधीचे, मग त्याच्याही आधीचे तपासत चांगले कास्टिंग सापडेपर्यंत मागे जावे लागते. तोपर्यंत त्या लॅडलचा सगळा माल लाल टॅग लावून थांबवायचा. टॅग लावण्याचे काम लॅब केमिस्टचे आणि माल सोडण्याचा निर्णय क्वालिटी प्रमुखाचा, असे स्पष्ट वेगळे लिहावे. टॅग लावणाराच तो काढू शकत असेल, तर डिस्पॅचची गाडी दारात आली की टॅग निघतो.

स्पेक्ट्रोवरचा उरलेल्या मॅग्नेशियमचा आकडा, जो साधारण ०.०३५ ते ०.०५० टक्के अपेक्षित असतो, तोही नोंदवावा. नमुना तांब्याच्या साच्यात घ्यायचा तो लगेच गोठून पांढरा व्हावा म्हणून. त्यात ग्राफाइट सुटे झाले तर कार्बनचा आकडा चुकीचा येतो. हे कारण कार्यपद्धतीत एका ओळीत द्यावे, नाही तर घाईत कोणीतरी वाळूच्या साच्यात नमुना घेतो.

कारणे कार्यपद्धतीत असावीत की नसावीत?

जेथे कारण माहीत नसल्यामुळे माणूस पायरी टाळू शकतो, तेथेच एक ओळ असावी. बाकीची पीपीटीत राहू द्यावीत.

भाषा कोणती ठेवावी? आमच्याकडे मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारे एकाच पाळीत असतात.

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या गावांतून येणारे मराठी व कन्नड बोलणारे कामगार, आणि उत्तर भारतातून आलेले हिंदी बोलणारे, हे मिश्रण येथील बहुतेक शॉपवर आहे. आयएटीएफच्या ८.५.१.२ या कलमाची भाषेबाबतची अपेक्षा एवढीच आहे, की काम करणाऱ्याला जी भाषा समजते तिच्यात सूचना असाव्यात. मराठी आणि कन्नड मजकूर एकाच पानावर समोरासमोर, प्रत्येक पायरीला तोच क्रमांक देऊन छापणे सर्वांत उपयोगी ठरते; मग सुपरवायझरने ‘पायरी चार’ म्हटले की दोघांनाही तीच ओळ सापडते. दोन भाषांसाठी दोन वेगळे दस्तऐवज ठेवले तर एकात दुरुस्ती होते आणि दुसरा जुनाच राहतो. टॅपिंग, लॅडल, स्लॅग, मोल्ड हे शब्द तिन्ही भाषांत तसेच बोलले जातात, तेव्हा त्यांना पर्याय शोधू नयेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी झोत, टायमर आणि ‘शे’ची खूण यांचे शॉपवरच काढलेले फोटो लावावेत, पीपीटीतली इंटरनेटवरून घेतलेली चित्रे वापरू नयेत, कारण त्यांतील लॅडल वेगळी दिसते.

मसुदा बरोबर आहे हे कसे तपासावे?

ज्याने तो लिहिला नाही अशा माणसाने हातात मसुदा घेऊन एक संपूर्ण हीट पाहावी आणि प्रत्येक पायरीला, ‘लिहिल्याप्रमाणे झाली’, ‘वेगळी झाली’ किंवा ‘लिहिलेलीच नाही’ अशी खूण करावी. लिहिणाऱ्याने बोलायचे नाही. ऑपरेटरने मागे वळून ‘आता काय?’ असे विचारले, तर त्या जागी पायरी सुटली आहे असे धरावे. ही पाहणी रात्रपाळीतही करावी, कारण लॅब केमिस्ट रात्री नसतो असे तेथेच कळते, आणि मग पायरी आठसाठी दुसरे पद ठरवावे लागते.

कार्यपद्धती लागू झाल्यावर ती पाळली जात नाही, हे कशावरून ओळखावे?

नोंदींवरून. टायमरच्या रकान्यात पाळीभर प्रत्येक लॅडलला ९ मिनिटे ३० सेकंद लिहिलेले असेल, शाई आणि अक्षर एकच असेल, तर तो रकाना पाळी संपताना बसून भरला आहे. खऱ्या नोंदी विस्कळीत असतात: ८ मिनिटे ५०, ९ मिनिटे ४०, कधी १० मिनिटे १५ आणि समोर ‘एक मोल्ड सोडला’ असा शेरा. दुसरी खूण पिग मोल्डची. महिनाभर पिगमध्ये काहीच ओतले गेले नसेल आणि हिशेबाने प्रत्येक लॅडलला ३८ किलो उरायला हवा असेल, तर तो धातू कोठेतरी गेला आहे. तो घंटेनंतर भरलेल्या मोल्डमध्ये आहे का, ते पाहावे.

यापुढे बदल झाला तर आधी पीपीटी बदलायची की कार्यपद्धती?

आधी कार्यपद्धती. आकडे फक्त तिच्यातच ठेवावेत आणि पीपीटीत ‘चालू कार्यपद्धतीतील पायरी तीन पाहा’ असा उल्लेख करावा. मिश्रधातूचा पुरवठादार बदलला, लॅडलचे अस्तर बदलून तिची उंची कमी झाली, किंवा भट्टीपासून मोल्डिंग लाइनचे अंतर वाढले, की वेळेची मोजणी पुन्हा करावी आणि नवी आवृत्ती काढावी. नवी प्रत लावणाऱ्यानेच जुनी प्रत काढून दस्तऐवज विभागात परत द्यावी, आणि ही जबाबदारीही कार्यपद्धतीच्या शेवटच्या ओळीत एका पदाच्या नावाने लिहावी.